पान उलटण्याआधी

मांडीवर एकच मूल असेल तर चित्रपुस्तक वाचायला कसलीही तयारी लागत नाही. मूल चित्रावर बोट ठेवतं, आपण तिथं थांबतो. ते पान उलटतं, आपण पुढे जातो. त्याने तेच पान पुन्हा मागे घेतलं तर आपणही मुकाट्याने मागे येतो. वेग, थांबे, प्रश्न, सगळा कारभार त्या मुलाच्या हातात असतो. पण अंगणवाडीत किंवा वाचनालयाच्या सतरंजीवर वीस मुलं पुढ्यात बसली की हा कारभार एकदम आपल्यावर येऊन पडतो. पान आपणच उलटायचं असतं आणि कुठं थांबायचं हेही आपणच ठरवायचं असतं. ते आधी ठरवलं नसेल तर सोळा पानांचं पुस्तक अडीच-तीन मिनिटांत वाचून संपतं, आणि पुढच्या रांगेतलं कोणीतरी विचारतं, "आता?"

हे आधी ठरवून कागदावर उतरवणं म्हणजे वाचनाची संहिता. नाटकाच्या संहितेत संवादांच्या शेजारी कंसात हालचाली लिहिलेल्या असतात, तशा इथे तीन गोष्टी लिहायच्या: पान कधी आणि कसं उलटायचं, कोणता आवाज तोंडाने काढायचा, आणि मुलांना काय विचारायचं. पुस्तकातला मजकूर मात्र जसाच्या तसा ठेवायचा. नवखे वाचक संहिता करायला बसले की आधी आवाज शोधतात, मग प्रश्न, आणि पान उलटण्याचा विचार शेवटी करतात किंवा करतच नाहीत. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. आधी पानं ठरवावीत. आवाज आणि प्रश्न कुठं बसतील हे त्यावरूनच ठरतं.

याचं कारण चित्रपुस्तकाच्या घडणीतच आहे. कादंबरीचं पान संपतं तेव्हा काही घडत नाही. वाक्य अर्धवट तुटलं तरी वाचक पुढच्या पानावर ते जोडून घेतो. चित्रपुस्तकात पान उलटलं की प्रसंग बदलतो. बार्बरा बेडर या अमेरिकन अभ्यासिकेने 1976 साली चित्रपुस्तकांच्या इतिहासावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात चित्रपुस्तक म्हणजे काय हे सांगताना तिने चित्र आणि शब्दांच्या नात्याबरोबर पान उलटण्यातलं नाट्यही मोजलं आहे. एरिक कार्ल यांच्या 1969 सालच्या अळीच्या प्रसिद्ध पुस्तकात तर काही पानं मुद्दाम कमी रुंदीची कापलेली आहेत आणि पानांना भोकं आहेत. तिथे पान उलटणं हा गोष्टीचाच भाग आहे. छपाईच्या मोठ्या कागदाच्या घड्या पडून पुस्तक बनतं, म्हणून पानांची संख्या सोळा, चोवीस, बत्तीस अशी असते. सोळा पानी पुस्तकात पहिलं पान शीर्षकाला गेलं तर समोरासमोरच्या पानांच्या सात जोड्या उरतात आणि शेवटी एक सुटं पान. म्हणजे गोष्टीला पान उलटायच्या मोजक्याच संधी मिळतात. चांगला लेखक आणि चित्रकार त्या जपून वापरतात. वाचणाऱ्याने त्या घाईत उधळू नयेत, एवढीच संहितेची पहिली मागणी.

पान उलटण्याच्या सूचना लिहून ठेवायची पद्धत जपानच्या कामिशिबाईत फार नेटकी दिसते. कामिशिबाई म्हणजे कागदी नाटक. 1930 च्या दशकात टोकियोच्या गल्ल्यांमधून सायकलवर लाकडी चौकट घेऊन माणसं फिरत, दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटून मुलांना बोलावत, खाऊ विकत आणि चौकटीत चित्रं सरकवत गोष्ट सांगत. पुढे कामिशिबाईचे छापील संच निघाले आणि ते शाळांत, वाचनालयांत पोहोचले. या संचांत मजकूर चित्राच्या पाठीवर असतो. पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या चित्राच्या पाठीवर छापलेला असतो. पुढचं चित्र बाजूला ओढून सर्वांत मागे घातलं की त्याच्या पाठीवर आता दिसणाऱ्या चित्राचा मजकूर असतो. त्या मजकुरातच सूचना असतात: इथं झटकन ओढा, इथं हळूहळू, इथं निम्मंच ओढून थांबा. निम्मं ओढलं की जुन्या चित्राचा अर्धा भाग आणि नव्या चित्राचा अर्धा भाग एकाच वेळी दिसतो, आणि चित्रकाराने हे हिशेबात धरूनच चित्र काढलेलं असतं.

आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. रामायण-महाभारतातल्या आख्यानांची सुटी चित्रं, त्यांचा संच म्हणजे पोथी, आणि वाद्यांच्या साथीने गात गात एकेक चित्र समोर धरायचं. 2021 साली पद्मश्री मिळालेले परशुराम गंगावणे याच परंपरेतले. चित्रकथ्याला सूचना लिहून ठेवाव्या लागत नाहीत. कुठल्या ओळीवर चित्र बदलायचं हे गाण्याबरोबरच त्याच्या हातात मुरलेलं असतं. आपल्याला महिन्यातून दोनदा मुलांसमोर बसायचं असतं, तेव्हा आपण पेन्सिल घ्यावी हे बरं.

आता एक पुस्तक घेऊन बसू. छापील पुस्तकातला मजकूर इथं द्यायला नको म्हणून मी नमुन्यापुरती एक गोष्ट रचली आहे. नाव 'टप् टण् टिंग्'. सोळा पानं, सात जोड्या. पावसाळ्यातली रात्र, कौलारू घर. सुमी सोडून सगळे झोपलेत. तिच्या नाकावर थेंब पडतो. ती गळतीखाली बालदी ठेवते. मग दाराशी दुसरी गळती, तिथं पितळी तांब्या. चुलीपाशी तिसरी, तिथं ताटली. तीन भांडी तीन आवाज करू लागतात. सुमी पडते तोच चौथा आवाज येतो आणि तो कुठल्याच भांड्याचा नसतो. ती बॅटरी घेऊन उठते, कोपऱ्यातल्या गोधडीच्या ढिगाजवळ जाते, टोक धरून ओढते. आत आजोबा घोरत असतात. शेवटच्या सुट्या पानावर सुमी आजोबांच्या कुशीत झोपलेली आहे, आणि तिथं एकही शब्द नाही. चित्रकाराने एक खोडी करून ठेवली आहे: दुसऱ्या जोडीपासून प्रत्येक चित्रात गोधडीच्या ढिगातून पायाचा एक अंगठा बाहेर डोकावतो.

मुलांसमोर नेण्याआधी पुस्तक एकदा नुसतं डोळ्यांनी चाळायचं आणि प्रत्येक जोडीवर एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: ही दोन पानं उघडल्यावर मुलांना सगळ्यात आधी काय दिसेल? मोठी माणसं डावं पान वाचून मग उजव्याकडे जातात. मुलांची नजर दोन्ही पानांवर एकदम पडते आणि जिथं काही मजेशीर आहे तिथं जाऊन बसते. म्हणून डाव्या पानावर 'कोण बरं आलं असेल?' असा मजकूर असेल आणि उजव्या पानावर आलेला हत्ती काढलेला असेल, तर तो प्रश्न मेलेला असतो. मुलं आधीच "हत्तीऽऽ" ओरडलेली असतात. अशी मांडणी बऱ्याच पुस्तकांत आढळते. पुस्तक आवडतं असेल तर उजव्या पानाच्या मापाचा जाड कागद कापून, त्या पानावर झाकण म्हणून धरून, योग्य वेळी काढता येतो. पण तेवढा उपद्व्याप करण्यापेक्षा तिथला प्रश्न गाळून सरळ चित्र पाहू द्यावं, हे मला जास्त पटतं. आपल्या नमुन्यात आजोबा सातव्या जोडीवर आहेत आणि गोधडीचं टोक सहाव्यावर, मधे पान उलटायचं आहे. मांडणी जमलेली आहे.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक पानासाठी उलटायची तऱ्हा ठरवायची. माझ्या संहितांमध्ये चारच तऱ्हा असतात. झटकन: शेवटचा शब्द आणि पान एकाच क्षणी. हळू: वाक्य संपवून, श्वास घेऊन, मग पान. अडवून: पानाचा कोपरा उचलायचा, थोडं वाकवायचं आणि तसंच धरून ठेवायचं, मुलं पुढे सरकेपर्यंत. आणि मुक्याने: काही न बोलता उलटायचं आणि नव्या चित्रावरही काही वेळ गप्प राहायचं. यांतली 'अडवून' ही तऱ्हा सगळ्यांना आवडते, म्हणूनच ती एका पुस्तकात एकदा, फार तर दोनदा वापरावी. प्रत्येक पानावर अडवलं की चौथ्या पानापासून मुलांना तो डाव कळतो आणि कोणीतरी उठून स्वतःच पान ओढतं.

आता संहितेचा मधला भाग पाहा. चौकोनी कंसात आहे ते करायचं, बाहेर आहे ते वाचायचं.

जोड 1
बाहेर पाऊस. आत अंधार. सगळे झोपले. सुमी मात्र जागी.
[आवाज खाली. बोटांनी पुठ्ठ्यावर हळू टकटक, पाऊस. टकटक थांबवा. दोन अंक मोजा.]
टप्!
[झटकन पान. 'टप्' आणि पान एकदम.]

जोड 2
[गप्प. तीन अंक मोजा. मुलं हसतील, हसू द्या.]
नाकावर थेंब! सुमी उठली. तिने बालदी आणली.
[बालदीचा आवाज: जाड, ओठ मिटून सुटलेला. टप्… टप्… मुलांकडे हात: त्यांनीही. मूठ मिटली की बंद.]
[हळू पान.]

जोड 4
[चित्र पाहू द्या.]
चुलीपाशी ताटली.
[टिंग्: बारीक, नाकातून. मग सतरंजीचे तीन भाग: डावीकडची मुलं टप्, मधली टण्, उजवीकडची टिंग्. हात ज्यांच्याकडे, आवाज त्यांचा. दोन फेऱ्या. मूठ.]
[सगळं शांत झाल्यावरच पान. हळू.]

जोड 5
सुमी पडली. डोळे मिटले. आणि…
[पुस्तकामागे तोंड नेऊन:] खर्रर्रर्र… फुस्स…
[मुलांकडे पाहा. काही विचारू नका. पुन्हा एकदा:] खर्रर्रर्र… फुस्स…
हा बालदीचा आवाज नाही. तांब्याचा नाही. ताटलीचाही नाही.
[प्रश्न: 'कशाचा असेल?' पाच अंक मोजा. येतील ती उत्तरं आवाजानेच परत द्या.]
[हळू पान.]

जोड 6
सुमी एक पाऊल पुढे गेली. अजून एक. गोधडीचं टोक धरलं. आणि…
[अडवून. कोपरा उचला, थांबा.]
[प्रश्न नाही. आवाज नाही.]
[पान.]

आवाजांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथं दोन टोकांचे वाचक भेटतात. एक 'टप् टप् टप्' हे 'सुमी उठली' इतक्याच सपाटपणे वाचून टाकतो. दुसरा पहिल्या पानापासून इतका आरडाओरडा करतो की मुलं चित्राऐवजी त्याच्या तोंडाकडे पाहत राहतात. वाचताना नजर कुठं आहे हे तपासायला सोपा उपाय आहे. आवाज काढल्यावर मुलांचे डोळे पुस्तकावर आहेत की तुमच्यावर? तुमच्यावर खिळले असतील तर आवाज गोष्टीतून बाहेर पडला. तो थोडा लहान करा, किंवा 'खर्रर्र' करताना केलं तसं पुस्तकामागे तोंड न्या. आवाज चित्रातून आल्यासारखा वाटला पाहिजे.

दुसरं, आवाजाची ताकद त्याच्या आधीच्या शांततेत असते. पहिल्या जोडीवर टकटक थांबवून दोन अंक मोजायला सांगितलंय ते त्यासाठीच. नळातून ठिबकणारं पाणी रात्री झोप उडवतं, कारण एक थेंब पडल्यावर दुसरा कधी पडेल याची आपण वाट पाहत राहतो. 'टप् टप् टप्' सलग म्हटलं की तो नुसता शब्द होतो. मधे जागा सोडली की थेंब पडतो. आणि एका पुस्तकात तीन-चारच आवाज पुरेत. पाऊस, बेडूक, वीज, कुत्रा, दार, पैंजण असं सगळं वाजवायला गेलो तर 'खर्रर्र' नवा वाटतच नाही, आणि या गोष्टीत तो नवा वाटणं हीच तर गंमत आहे. म्हणून पावसाचा आवाजसुद्धा मी फक्त पहिल्या जोडीवर ठेवला आहे.

मुलांना आवाज काढायला लावणं सोपं असतं, थांबवणं कठीण. वीस मुलांना एकदा 'टण् टण्' सापडलं की पुढची पाच मिनिटं तांब्या थांबत नाही. म्हणून मुठीची खूण मुखपृष्ठावरच, गोष्ट सुरू होण्याआधी शिकवून घ्यायची. "माझा हात उघडा, तर पाऊस. मूठ मिटली, तर पाऊस बंद." दोन-तीनदा खेळ म्हणून केलं की पुढे ओरडावं लागत नाही. त्यातही दोन-अडीच वर्षांची मुलं असतील तर अचानक मोठा आवाज नको. पहिला 'टप्!' दचकवण्यासाठी असला तरी तो खालच्याच पट्टीत म्हणावा. मोठ्या मुलांना हसू येतं तिथं लहानाचा ओठ थरथरतो. एकाने रडायला सुरुवात केली की बाकीच्यांचं लक्ष गोष्टीवरून उठतं.

आता प्रश्न. वाचताना मुलांशी बोलत वाचण्याच्या पद्धतीवर सगळ्यात जास्त उद्धृत होणारं काम ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं आहे. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरची तीसेक कुटुंबं होती, मुलं दोन वर्षांच्या आसपासची. दोन्ही गटांतले पालक मुलांना सारखंच वाचून दाखवत होते. एका गटाला फक्त वाचायची तऱ्हा बदलायला शिकवलं: हो-नाहीत उत्तर येईल असे प्रश्न कमी करा, 'हे काय करतंय?' असं विचारा, मूल जे बोलेल त्याला थोडं वाढवून परत द्या. महिनाभरात त्या गटातली मुलं बोलण्यात पुढे गेली. या पद्धतीतले प्रश्नांचे प्रकार आता जगभर शिकवले जातात: वाक्य पूर्ण करून घेणं, आधीचं आठवायला लावणं, चित्रात काय चाललंय ते मोकळेपणी सांगायला लावणं, काय-कोण-कुठे विचारणं, आणि गोष्ट मुलाच्या स्वतःच्या आयुष्याशी जोडणं.

पण हा अभ्यास एका मुलाबरोबर बसलेल्या एका पालकाचा होता, हे विसरून ते प्रश्न तसेच्या तसे सतरंजीवर आणले की घोळ होतो. 'चित्रात काय चाललंय?' असं वीस जणांना विचारलं की एक धीट मुलगी उत्तर देते आणि एकोणीस जण तिचं उत्तर संपायची वाट पाहतात. तिघांना बोलू दिलं की मागची रांग लोळायला लागते. गटासाठीचा प्रश्न सगळ्यांना एकदम उत्तर देता येईल असा हवा: बोट दाखवून, आवाज काढून, हाताने मोठं-लहान करून, तोंडाचा आव आणून. 'अंगठा कोणाला दिसला? जागेवरूनच बोट दाखवा' हा तसा प्रश्न आहे. तो मी तिसऱ्या जोडीवर ठेवेन, दुसऱ्यावर नाही. दुसऱ्या जोडीवर नाकावरच्या थेंबाचं हसू चालू असतं, तिथं अंगठा वाया जाईल. आणि एखाद्या मुलाने तो आधीच हेरून "पाय! पाय!" म्हटलं, तर प्रश्न रद्द. "हो, कोणाचा तरी पाय दिसतोय खरा," एवढं म्हणून पुढे जायचं, कोणाचा ते सांगायचं नाही.

'सुमी शहाणी आहे ना?' हा प्रश्न कधीच विचारू नये. वीस मुलं एका सुरात "होऽऽ" म्हणतात आणि आपल्याला वाटतं किती छान सहभाग. तसंच 'बालदीचा रंग कोणता?' हा. तो गोष्टीतला प्रश्न नाही, तोंडी परीक्षा आहे. मुलं उत्तर देतील, पण लगेच तुमच्या चेहऱ्याकडे पाहतील, बरोबर आलं का ते बघायला. इथंही नजरच सांगते. 'हा आवाज कशाचा?' या प्रश्नावर मुलं पुन्हा चित्राकडे बघतात, कारण उत्तर तिथं दडलेलं आहे असं त्यांना वाटतं.

पाचव्या जोडीवर पाच अंक मोजा असं लिहिलंय, ते सगळ्यात अवघड आहे. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणसंशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात. ती वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला तर ऐकलेला प्रश्न चित्राशी ताडून शब्द शोधायचा असतो. पाच सेकंद हा मोठ्या माणसाला असह्य काळ वाटतो, म्हणून तो अंकांत लिहून ठेवलेला बरा. मनातल्या मनात मोजताना हात पुस्तकावर स्थिर ठेवा. पानाच्या कोपऱ्याकडे हात गेला की वेळ संपली असं मुलांना वाटतं.

मग उत्तरं येतात. कोणी म्हणतं साप, कोणी मांजर, कोणी मोटारसायकल. एकालाही 'चूक' म्हणायचं नाही, पण सगळ्यांना 'वा वा' म्हणणंही खोटं आहे. संहितेत 'आवाजानेच परत द्या' लिहिलंय ते याच जागेसाठी. "साप? साप फुस्स करतो खरा. पण खर्रर्र करतो का?" असं म्हटलं की ते उत्तर गोष्टीत येऊन बसतं आणि मुलं स्वतःच पडताळा घेतात. कोणी सरळ "आजोबा!" म्हटलं तर चेहरा कोरा ठेवून "बघू या," म्हणायचं. एकदा उत्तर फुटलं म्हणून गोष्ट बिघडत नाही. आपण बरोबर होतो का हे पाहायला ते मूल आता इतरांपेक्षा जास्त आतुर असतं.

'तुमच्या घरी कोण घोरतं?' हा प्रश्न मोहात पाडणारा आहे, आणि तो गोष्टीच्या मधे कधीही विचारू नये. मुलं मनापासून सांगायला लागतात. बाबा, मग बाबांचं काम, मग बाबांची गाडी, मग गाडीवरून पडले ती गोष्ट. सुमी तिथं अंधारात गोधडीचं टोक धरून उभी राहते. हा प्रश्न पुस्तक मिटल्यानंतरचा. तेव्हा तो इतका चालतो की दुसऱ्या काही उपक्रमाची गरज उरत नाही.

थोडं हातांबद्दल. मराठी पुस्तकाचं उलटायचं पान बघणाऱ्याच्या उजव्या हाताला असतं, म्हणजे समोर तोंड करून बसलेल्या वाचणाऱ्याच्या डाव्या हाताला. म्हणून पुस्तक आपल्या उजव्या बाजूला, मधल्या शिवणीखाली उजव्या हाताने धरावं आणि डाव्या हाताने, पाठीमागून, पानाचा वरचा कोपरा पकडून उलटावं. याच्या उलट धरलं तर प्रत्येक वेळी आपला दंड चित्रावरून फिरतो. खिडकीकडे पाठ करून बसू नये, मुलांना पुस्तकाची नुसती काळी आकृती दिसते. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट झळकत असेल तर पुस्तक किंचित पुढे झुकवावं. हाताच्या पंज्याएवढं पुस्तक वीस मुलांना दाखवता येत नाही, त्याला कितीही चांगली संहिता लावली तरी. ते चार-पाच मुलांसाठी ठेवावं. पुस्तक बाजूला धरल्यामुळे मजकूर तिरका दिसतो, म्हणून संहितेचा एकच कागद, ठळक अक्षरांत, मांडीवर असावा. बहुतेक ओळी तोवर पाठ झालेल्या असतात. कागद लागतो तो मुख्यतः 'अडवून' आणि 'गप्प' या शब्दांसाठी, कारण मुलं रंगली की आपणही रंगतो आणि नेमके हेच दोन शब्द विसरतो.

शब्दांचं काय? शहरातल्या किती मुलांना कौल आणि गळती माहीत असणार, म्हणून 'छप्पर' करावं का? मी करत नाही. जोड 2 वर कौलांकडे बोट नेत 'कौलातून गळतंय' असं एकदा अधिकचं म्हणते आणि पुढे जाते. थांबून अर्थ सांगायला लागलं की तिथं धडा सुरू होतो. चित्र आणि थेंब मिळून अर्थ आपोआप कळतो, आणि नाही कळला तर दुसऱ्या वाचनात कळतो. दुसरं वाचन होणारच असतं. चार वर्षांच्या मुलांना एकदा आवडलेली गोष्ट लगेच पुन्हा हवी असते.

सातव्या जोडीवर आजोबा दिसतात, गलका होतो, तो ओसरू द्यायचा. मग एकदाच, सगळ्यांनी मिळून 'खर्रर्र… फुस्स…'. मूठ. शेवटचं सुटं पान मुक्याने उलटायचं. इथं वाचणाऱ्याला हमखास काहीतरी म्हणावंसं वाटतं: 'आणि सुमी झोपी गेली.' लेखकाने ते लिहिलेलं नाही. मुलांनाच म्हणू द्यावं. बहुतेकदा कोणीतरी कुजबुजत म्हणतंच, आणि नाही म्हटलं तरी बिघडत नाही. त्यानंतर मागचं मुखपृष्ठ दाखवून पुस्तक मिटायचं. 'या गोष्टीतून आपण काय शिकलो?' हे संहितेत कुठंही नाही.

दुसऱ्या वाचनाची संहिता वेगळी करावी लागते, पण नवी लिहावी लागत नाही. जुन्या कागदावर काही ओळी खोडायच्या. 'कशाचा असेल?' हा प्रश्न आता निरर्थक आहे, तो जातो. त्याच्या जागी वाक्य पूर्ण करून घेणं येतं: "हा बालदीचा आवाज…" म्हणून थांबायचं, "नाही!" मुलं म्हणतात. जोड 6 वरचं 'अडवून' मात्र ठेवायचं. आत कोण आहे हे वीसही जणांना ठाऊक असतं, तरी कोपरा उचलून धरला की ती पहिल्या वेळेपेक्षा जास्त पुढे सरकतात. तिसऱ्या वेळी एखाद्या मुलाला पान उलटायला बोलवावं. ते बहुधा घाई करतं आणि तुमचं 'आणि…' अर्धवट राहतं. मग बाकीची मुलं त्यालाच दटावतात, "अरे थांब, अजून नाही!"